वहीतले चार तोळे आणि काट्यावरचे ४६ ग्रॅम

ताई, मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. सासूबाईंच्या जुन्या वहीत पाटल्यांच्या जोडीसमोर 'चार तोळे' लिहिलंय. म्हापशाला शेटांनी त्या काट्यावर ठेवल्या तर ४६.२०० आलं, आणि ते म्हणाले, "साडेचारच्या वर आहेत." वही चुकीची की काटा? दीर दुबईला असतो. तो म्हणतो, तिथला तोळा घेतलेला परवडतो, पण आकडा तर आपल्याकडच्यापेक्षा मोठा दिसतो. आणि जावयाच्या अंगठीच्या चिठ्ठीवर 'वजन ४.२६०, १८ कॅरेट, हिरे ०.३० कॅरेट' असं आहे. एकाच अंगठीत दोन कॅरेट कसे? शेट तोंडाने तर 'तीस पॉइंट' म्हणाले. मला हे हिशेबात बसवून द्या.
— एक वाचक, डिचोली

ताई,

वही खरी आहे आणि काटाही खरा आहे. दोघांचा तोळा वेगळा आहे, एवढंच.

सासूबाईंचा तोळा म्हणजे जुना तोळा. १८३३ साली कंपनी सरकारने तो १८० ग्रेनचा ठरवून टाकला. आजच्या मापात ते ११.६६४ ग्रॅम होतात. चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पाडत, म्हणून जुनी माणसं तोळ्याला 'रुपयाभार' म्हणायची. तुमच्या देवघरात लक्ष्मीपूजनाचा राणीछाप किंवा राजाछाप चांदीचा रुपया असेल तर पुढच्या खेपेला तो बरोबर न्या आणि शेटांना काट्यावर ठेवायला सांगा. साडेअकराच्या थोडं वर काहीतरी येईल. फार झिजला असेल तर थोडं कमी. सासूबाईंचा तोळा म्हणजे हा रुपया.

पुढे १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक वजनं आली आणि सोन्याचा भाव दहा ग्रॅमवर बोलला जाऊ लागला. कायद्याने तोळा गेला, पण तोंडातून काही गेला नाही. लोकांनी दहा ग्रॅमलाच तोळा म्हणायला सुरुवात केली. आज पणजी, मडगाव, म्हापसा, कुठल्याही पेढीवर 'तोळ्याचा भाव काय' विचारलंत तर सांगतात तो दहा ग्रॅमचा. शेट 'साडेचारच्या वर' म्हणाले ते ४६.२०० भागिले दहा, म्हणजे ४.६२. त्यांनी काही लपवलेलं नाही.

आता वहीचा हिशेब बघा. चार जुने तोळे म्हणजे ४ गुणिले ११.६६४, म्हणजे ४६.६५६ ग्रॅम. काटा दाखवतो ४६.२००. फरक साधारण साडेचारशे मिलिग्रॅमचा, जुन्या मापात पावणेचार गुंजा. रोज हातात घातलेल्या पाटल्या एकमेकींवर घासतात, बांगड्यांवर घासतात. इतक्या वर्षांत एवढी झीज होणारच. म्हणजे वहीत लिहिलेलं वजन अगदी चोख होतं. मला तर सासूबाईंचं कौतुक वाटतं.

पण या दोन तोळ्यांमधे एक खड्डा आहे आणि त्यात माणसं पडताना मी पाहिली आहेत. लग्नात पाटल्या मोडून नवीन काही करायचं असेल आणि बोलणं नुसतं 'चार तोळ्यांच्या पाटल्या आहेत' असं झालं, तर समोरचा सहज चाळीस ग्रॅम धरतो. सहा ग्रॅम दोनशे मिली नुसत्या बोलण्यात गेले. या पत्रात हिशेब सोपा जावा म्हणून मी २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरते. तुम्ही त्या दिवशीचा भाव घाला. कस थोडा कमी निघाला तरी हे सहा ग्रॅम साठ हजारांच्या आसपास जातात. म्हणून दुकानात तोळा हा शब्द उच्चारूच नका. 'वजन करा, ग्रॅममधे सांगा' एवढंच म्हणा आणि काट्यावरचा आकडा तिथेच स्वतःच्या वहीत उतरवून घ्या. दागिना ठेवण्याआधी काट्यावर ०.००० दिसतंय ना, तेही बघा. वर पंखा फिरत असेल तर शेवटचे आकडे नाचतात. तो क्षणभर बंद करायला सांगण्यात काही संकोच नाही.

वहीत आणखी कुठे 'दोन तोळे तीन मासे' असं लिहिलेलं आढळेल. मासे आणि गुंजा जिथे आल्या, तिथे तो जुना तोळा हे पक्कं समजा, कारण दहा ग्रॅमच्या तोळ्याला कोणी मासे लावत नाही. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्यात एक सोय अशी की मासा जवळजवळ एका ग्रॅमइतकाच असतो, ०.९७२. तेव्हा तोंडी हिशेब करायचा तर सगळ्याचे मासे करा आणि शंभराला तीन वजा करा. दोन तोळे तीन मासे म्हणजे सत्तावीस मासे. त्यातून पाऊण ग्रॅम गेला की सव्वासव्वीस ग्रॅम. बारकाईने केलं तर २६.२४ येतं. दुकानात उभ्या उभ्या एवढं पुरे.

वहीत मासे-गुंजा नसतील आणि नोंद साठ-सत्तर सालानंतरची असेल, तर कोणता तोळा ते नुसतं वाचून कळत नाही. मग वजन करायचं. ग्रॅमचा आकडा वहीतल्या तोळ्यांनी भागला आणि साडेअकराच्या आसपास आलं तर जुना तोळा, दहाच्या आसपास आलं तर नवा. तुमच्या पाटल्यांचं ४६.२०० भागिले चार केलं की ११.५५ येतं.

वजन झालं, पण मोड घालताना वजनाइतकाच कस महत्त्वाचा. तिथे आपण कॅरेटकडे येतो, आणि तुमच्या अंगठीच्या चिठ्ठीचं कोडंही तिथेच आहे.

मराठीत आपण कॅरेट हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. सोन्याचा कॅरेट म्हणजे कस. शुद्ध सोनं चोवीस भाग, त्यातले दागिन्यात किती, तो आकडा. २२ कॅरेट म्हणजे चोवीसात बावीस भाग सोनं, बाकी तांबं-चांदी वगैरे. हजारात मोजलं तर ९१६. अठरा कॅरेट म्हणजे ७५०, बरोबर पाऊण. हा आकडा वजन सांगतच नाही. दोन ग्रॅमची नथही २२ कॅरेट असते आणि पन्नास ग्रॅमचा हारही.

हिऱ्याचा आणि रत्नांचा कॅरेट म्हणजे वजन, निव्वळ वजन. १९०७ साली तो जगभरासाठी २०० मिलिग्रॅमचा ठरला. एका ग्रॅमचे पाच कॅरेट. हिरा शुद्ध की अशुद्ध हे या कॅरेटमधून काही कळत नाही. म्हणून चिठ्ठीत '१८ कॅरेट' सोन्यापुढे आहे आणि '०.३० कॅरेट' हिऱ्यांपुढे. अठरा कॅरेटचा हिरा असं काही त्यात नाही. बोटात अठरा कॅरेटचा हिरा घालायचा म्हटला तर तो साडेतीन ग्रॅमहून जड भरेल, तुमच्या अख्ख्या अंगठीत सोनं आहे त्याच्या जवळपास.

ओळखायची खूण सांगते. आकडा ९, १४, १८, २२, २४ यांतला असेल आणि सोन्यापुढे असेल तर कस. आकड्यात दशांश चिन्ह असेल आणि पुढे हिरे, माणिक, पाचू असं काही असेल तर वजन. चिठ्ठीवर नुसतं 'कॅ.' लिहिलं असेल तर शेटांना शेजारी 'सोनं' किंवा 'हिरे' लिहायला सांगा.

आता पाटल्यांचा कस. हॉलमार्कच्या आधीच्या काळातल्या पाटल्या आहेत, म्हणजे त्यावर ९१६ चा शिक्का नसणार. शेट मशीनवर ठेवून 'टच' काढतील. टच म्हणजे शंभरात किती शुद्ध. ९१.६ आला तर बावीस कॅरेट. समजा ८८ आला. तर ४६.२०० गुणिले ०.८८, म्हणजे ४०.६५६ ग्रॅम शुद्ध सोनं. ते बावीस कॅरेटमधे किती? ०.९१६ ने भागा, ४४.३८४ ग्रॅम येतात. म्हणजे नव्या बावीस कॅरेट दागिन्यासमोर तुमच्या पाटल्या सव्वाचव्वेचाळीसच्या वर मोजल्या जायला हव्यात. याहून कमी धरलं तर कशासाठी ते विचारा. आटणीतली घट म्हणून काही कापतात. ती किती, हे आधी ठरवून घ्या.

मशीन फक्त वरचा थर वाचतं, हे मात्र लक्षात असू द्या. पाटली जिथे जोडली आहे तिथे डाख असतो. तिथे टच खाली दिसतो, म्हणून तीन-चार ठिकाणी धरायला सांगा. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असेल तर ती वजनात येते आणि मशीनला दिसत नाही. खरा आकडा आटवल्यावरच मिळतो, पण आटवलेलं परत पाटली होत नाही. म्हणून ठरवायच्या आधी एखाद्या हॉलमार्किंग केंद्रावर थोडी फी भरून तपासून घ्या. मग दोन पेढ्यांवर फिरताना तुमच्या हातात तुमचा स्वतःचा आकडा असेल.

दिराच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते तोळा या शब्दाने झाकलं गेलंय. आखातात तोळा अजून जुनाच चालतो. तिथे तोळ्याचा तुकडा ११.६६४ ग्रॅमचा असतो, दहा तोळ्यांची लगड ११६.६४ ग्रॅमची, आणि सोनं चोवीस कॅरेटचं, हजारात ९९९. आपल्याकडचा दागिन्याचा तोळा दहा ग्रॅमचा आणि बावीस कॅरेटचा. तिथल्या तोळ्यात शुद्ध सोनं ११.६५ ग्रॅम, इथल्यात ९.१६. शंभराला सत्तावीस जास्त. तेव्हा दुबईच्या तोळ्याचा आकडा इथल्यापेक्षा मोठा दिसणारच. तो पाव पटीने मोठा असूनही स्वस्त पडू शकतो. दिराला म्हणावं, भाव तोळ्याचा सांगू नको, चोवीस कॅरेटचा एका ग्रॅमचा सांग. मग इथला चोवीस कॅरेटचा ग्रॅमचा भाव त्याच्यासमोर ठेवा, म्हणजे सारखं सारख्याशी तोललं जाईल. कस्टमची मर्यादा आणि जकात हा वेगळा खर्च. तो त्याने निघण्याआधी तिथेच नीट विचारून घ्यावा. आणि तुकडा आणला तरी त्याचा दागिना करताना इथे घडणावळ लागणारच, तीही धरा.

आता अंगठी. तीस पॉइंट हे कसं वाचायचं ते आधी सांगते. एका कॅरेटचे शंभर पॉइंट, रुपयाचे शंभर पैसे तसे. काही जण पॉइंटला सेंटही म्हणतात, दोन्ही एकच. तीस पॉइंट म्हणजे ०.३० कॅरेट. मिलिग्रॅम हवे असतील तर दुप्पट करा, साठ. तीस पॉइंटचे हिरे साठ मिलिग्रॅमचे. 

इथे कानाने होणारी एक चूक फार महाग पडते. 'पॉइंट थ्री' आणि 'थ्री पॉइंट' दुकानात दोन्ही बोललं जातं. 'पॉइंट थ्री' म्हणजे ०.३ कॅरेट, म्हणजेच तीस पॉइंट. 'थ्री पॉइंट' म्हणजे ०.०३ कॅरेट. दहापट फरक. ऐकलेल्या आकड्यावर जाऊ नका. दशांश चिन्हानंतर दोन आकडे लिहून घ्या, ०.३० किंवा ०.०३. तुमच्या चिठ्ठीवर ०.३० आहे, ते बरोबर आहे.

पुढचा प्रश्न जास्त मोलाचा आहे आणि तो चिठ्ठीवर नाही. हे तीस पॉइंट एका हिऱ्याचे की सगळ्यांचे मिळून? अंगठी हातात घेऊन खडे मोजा. समजा मधे एक मोठा आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा बारके आहेत. तर मधला अठरा पॉइंटचा आणि बाजूचे बारा एकेक पॉइंटचे, अशी बेरीज तीस होते. हिऱ्याचा भाव कॅरेटवर सांगतात, पण तो सगळ्या आकारांना सारखा नसतो. एकाच प्रतीचे हिरे घेतले तरी मोठ्या खड्याचा दर कॅरेटला जास्त, बारक्यांचा कमी, कारण मोठा दगड दुर्मीळ. तेव्हा एकसंध तीस पॉइंटचा हिरा आणि तेरा खड्यांचे मिळून तीस पॉइंट यांची किंमत सारखी असूच शकत नाही.

आकड्यात बघू. हे दर मी हिशेबापुरते धरते. मधल्या हिऱ्याचा दर कॅरेटला ८०,००० आणि बारक्यांचा ५०,०००. मधला ०.१८ गुणिले ८०,००० म्हणजे १४,४००. बारके ०.१२ गुणिले ५०,००० म्हणजे ६,०००. दोन्ही मिळून २०,४००. तेच सरसकट ०.३० ला ८०,००० लावले तर २४,००० होतात. म्हणून चिठ्ठीवर दोन ओळी करून घ्या. मधला खडा एक, वजन इतकं, दर इतका. बाजूचे खडे बारा, वजन इतकं, दर इतका. हिरे खाणीतले की प्रयोगशाळेतले हेही तिथेच लिहून घ्या, कारण वजनाचं माप दोघांना एकच असलं तरी दरात खूप अंतर आहे.

एकच हिरा असेल तर नजरेने ताळा करता येतो. चांगल्या कापाचा गोल हिरा एक कॅरेटचा असेल तर त्याचा व्यास सुमारे साडेसहा मिलिमीटर असतो, तीस पॉइंटचा सुमारे सव्वाचार. वजन तिसऱ्या हिश्श्याच्या खाली आलं तरी रुंदी तेवढी घटत नाही. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी धरली तरी अंदाज येतो. ही मापं फक्त हिऱ्याची. माणिक आणि नीलम हिऱ्यापेक्षा घट्ट, म्हणून त्यांचा एक कॅरेटचा खडा हिऱ्याहून लहान दिसतो. पवळं हलकं, ते तेवढ्याच वजनात मोठं दिसतं. वेगवेगळ्या खड्यांची आकारावरून तुलना करू नका.

आता अंगठीचं सोनं. एकूण वजन ४.२६०, त्यातून हिऱ्यांचे ०.०६० गेले, निव्वळ सोनं ४.२०० ग्रॅम. भाव अठरा कॅरेटचा लागला पाहिजे. बावीसचा १०,००० असेल तर अठराचा त्याच्या अठरा बावीसांश, साधारण ८,१८० रुपये. ४.२०० गुणिले ८,१८० म्हणजे ३४,३५६. चुकून किंवा मुद्दाम कोणी एकूण वजनाला बावीसचा भाव लावला तर ४२,६०० होतात. आठ हजारांवर फरक, आणि त्यातला जवळजवळ सगळा कॅरेटच्या भावाचा, हिऱ्याच्या वजनाचा फक्त पाचशेच्या आसपास. म्हणून अंगठीपुरतं आधी भाव तपासा, मग वजन.

म्हणजे सोनं ३४,३५६, हिरे २०,४००, त्यावर घडणावळ. ती ग्रॅमवर सांगितली असेल तर निव्वळ ४.२०० वर लावली आहे ना ते बघा. या सगळ्यावर तीन टक्के जीएसटी. घडणावळ टक्क्यांत सांगितली असेल तर टक्के कशावर, नुसत्या सोन्यावर की हिऱ्यांसकट, हे विचारायचं राहू देऊ नका. वीस हजारांच्या हिऱ्यांवर पंधरा टक्के घडणावळ म्हणजे तीन हजार रुपये, आणि ते उगाच गेलेले.

एकूण आणि निव्वळ वजनाचा फरक अंगठीत छोटा असतो. मंगळसूत्रात आणि पवळ्यांच्या हारात तो छोटा नसतो, आणि लग्नाच्या खरेदीत ते दोन्ही असणारच. म्हणून घरातली गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या बहिणीचं मंगळसूत्र आम्ही एका पेढीवर घेतलं. बिलावर एकच वजन होतं, १८.५००, आणि बावीसचा भाव. आम्ही दोघी शिकलेल्या, पण आनंदात होतो, कोणी विचारलं नाही. बारा वर्षांनी ते दुसरीकडे बदलायला नेलं. तिथल्या शेटांनी आमच्यासमोर कात्रीने तार तोडली, काळे मणी एका वाटीत ओतले आणि सोनं वेगळं तोललं. १६.२०० भरलं. वाटीतले मणी २.३०० ग्रॅमचे. ते आम्ही सोन्याच्या भावाने विकत घेतले होते. आजच्या धरलेल्या भावाने तेवीस हजारांचे काळे मणी. बहीण त्या वाटीकडे बघत राहिली. बिलावर मण्यांचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे त्या पहिल्या पेढीवर जाऊन बोलायलाही आमच्याकडे काही नव्हतं.

तेव्हापासून मी कोणाहीबरोबर गेले तरी ओवण्याआधीच वजन करायला लावते. मंगळसूत्राच्या वाट्या, सोन्याचे मणी, साखळी असं सगळं सोनं आधी काट्यावर, मग काळे मणी ओवून पुन्हा काट्यावर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे मणी आणि दोरा. तयार मंगळसूत्र असेल आणि ओवलेलं तोडता येत नसेल, तर तसल्याच काळ्या मण्यांचा सर मागा, दहा मणी तोला आणि दागिन्यातल्या मण्यांच्या संख्येने गुणा. पवळ्यांच्या हारालाही हेच. पवळ्याचं वजन ग्रॅममधेच मोठं असतं, त्याला कॅरेट-पॉइंटमधे पळू देऊ नका. कोणी 'पवळी पंधरा कॅरेट' म्हणालं तर पाचाने भागा, तीन ग्रॅम. एकूण वजनातून तेवढे तीन ग्रॅम कमी झाले आहेत का ते बिलावर बघा. हॉलमार्क दागिन्याच्या बिलावर निव्वळ सोन्याचं वजन, कस आणि खड्यांचं वजन व किंमत वेगळी दाखवणं अपेक्षितच आहे. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

जावयासाठी कोणी पुष्कराज सुचवलाय का, ते तुम्ही लिहिलं नाही. पण लग्नात तेही निघतं, म्हणून एवढंच सांगून ठेवते. रत्ती या मापावर विश्वास टाकू नका. मुळात रत्ती म्हणजे आपली गुंज, ती लाल-काळी बी, सोनाराच्या हिशेबात ०.१२१५ ग्रॅम, म्हणजे ०.६१ कॅरेट. रत्नवाले मात्र बरेचदा 'पक्की रत्ती' धरतात, ती सुमारे ०.९ कॅरेटची. 'सव्वापाच रत्ती' एका हिशेबात ३.२ कॅरेट होते आणि दुसऱ्यात ४.७. दर रत्तीवर सांगितला तर कॅरेटवर सांगायला लावा आणि खडा तुमच्यासमोर काट्यावर ठेवून घ्या. काट्यावर ग्रॅम येतील, पाचाने गुणलं की कॅरेट.

पुढच्या खेपेला जाल तेव्हा अंगठीची चिठ्ठी शेटांकडून नव्याने लिहून घ्या. एकूण ४.२६०, हिरे ०.३० कॅरेट म्हणजे ०.०६०, निव्वळ ४.२००, सोनं १८ कॅरेट, त्या दिवशीचा अठराचा भाव. अंगठीवर शिक्का आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असेल. तो भिंगातून वाचून दुकानातच फोनवर बीआयएस केअर या ॲपमधे घाला. तिथे कस ७५० दिसला पाहिजे. आणि घरी आल्यावर सासूबाईंच्या वहीतल्या त्या ओळीपुढे, त्यांच्या 'चार तोळे' ला हात न लावता, पेनने लिहा: ४६.२०० ग्रॅम, टच इतका, तारीख अमुक. मुलगी पुढे कधी ती वही उघडेल तेव्हा तिला कोणाला विचारायला लागू नये.